१,३२८ रुपये कापले, पण नेमके कशाचे? रायडरच्या रागाची तक्रार झाली तेव्हा…

‘तुम्ही चोर आहात. आठवडाभर राबलो आणि पैसे कापले. गरिबाच्या पोटावर पाय देता. आजच्या आज पैसे टाका, नाहीतर बघतो.’

पुण्यातल्या एका डिलिव्हरी रायडरने कंपनीच्या सपोर्ट चॅटवर असे सात मेसेज पाठवले होते. सातही वेळा ‘आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ असं ठरावीक उत्तर आलं आणि तिकीट बंद झालं. त्याचा राग खोटा नव्हता. पण सातही मेसेजमध्ये एक रक्कम, एक तारीख किंवा एक ऑर्डर नंबर नव्हता. समोरचा सपोर्ट एजंट ऑर्डर नंबर किंवा व्यवहार क्रमांक टाकूनच रेकॉर्ड उघडतो. तो नंबर मिळाला नाही, तर शोधायचं काय हे त्याला कळत नाही आणि तो पुढच्या तिकिटाकडे वळतो.

नाव न छापण्याच्या अटीवर या रायडरने आम्हाला फोन दाखवला. मग त्याच्यासोबत बसून तीच तक्रार पुन्हा लिहिली.

आधी हिशेब, मग तक्रार

आठवडा होता ३ ते ९ नोव्हेंबर २०२५. ॲपमध्ये कमाई ६,८४० रुपये दिसत होती. बुधवारी खात्यात आले ५,५१२. म्हणजे १,३२८ रुपये कमी. रायडरच्या डोक्यात ही एकच ‘चोरी’ होती. पेआउटचा तपशील उघडला तेव्हा तीन वेगळ्या कपाती निघाल्या: जमा न केलेली कॅश ७४२ रुपये, ‘ऑर्डर पोहोचली नाही’ म्हणून ३८६ रुपये आणि बॅग-टीशर्टचा हप्ता २०० रुपये.

हप्ता त्याने कामावर रुजू होताना मान्य केला होता. ती कपात बरोबर होती. ‘मग १,३२८ मधले २०० माझेच गेले,’ तो जरा ओशाळून म्हणाला. पण ही ओळ वगळल्यानेच उरलेल्या दोन तक्रारी मजबूत झाल्या. बरोबर कपातीलाही चोरी म्हटलं, तर एजंट तेवढीच एक ओळ दाखवून सगळी तक्रार फेटाळू शकतो.

७४२ रुपयांचा पुरावा कुठे होता?

कॅश ऑन डिलिव्हरीच्या दोन ऑर्डरचे ३१८ आणि ४२४ रुपये रायडरकडे जमा झाले होते. ८ नोव्हेंबरला रात्री १०.५२ ला त्याने ते यूपीआयने कंपनीला भरले. तरी ॲपमध्ये बाकी शून्य झाली नाही आणि पेआउटमधून तेवढीच रक्कम पुन्हा कापली गेली.

त्याच्याकडे ‘पेमेंट सक्सेसफुल’चा हिरवा स्क्रीनशॉट होता. पण तेवढ्याने भागत नाही. अशा वेळी दोन गोष्टी बघायच्या. पहिली, बँकेच्या स्टेटमेंटमध्ये पैसे गेले आहेत आणि नंतर परत आलेले नाहीत ना? परत आले असतील, तर कपात बरोबर आहे आणि तक्रार करायचं कारणच उरत नाही. दुसरी, व्यवहाराचा १२ अंकी क्रमांक. फोनपेवर तो `UTR` म्हणून दिसतो, गुगल पेवर `UPI transaction ID` म्हणून. गुगल पेवर त्याच पानावर `Google transaction ID` असा अक्षरं-अंक मिसळलेला दुसरा क्रमांकही असतो. आपल्या रायडरने आधी तोच पाठवला होता. बँकेच्या नोंदीशी जुळतो तो १२ अंकी क्रमांक.

मग तक्रार अशी झाली:

> विषय: भरलेली कॅश ७४२ रुपये पेआउटमधून पुन्हा कापली
>
> रायडर आयडी: (तुमचा आयडी). पेआउट आठवडा: ३ ते ९ नोव्हेंबर २०२५.
>
> ऑर्डर …४४१७ (३१८ रुपये) आणि …४४९२ (४२४ रुपये) यांची कॅश मी ८ नोव्हेंबरला रात्री १०.५२ ला यूपीआयने भरली. व्यवहार क्रमांक: (१२ अंक). रक्कम खात्यातून गेली आहे आणि परत आलेली नाही.
>
> १२ नोव्हेंबरच्या पेआउटमधून तीच रक्कम पुन्हा कापली आहे.
>
> मागणी: ७४२ रुपये पुढच्या पेआउटमध्ये जमा करावेत. नकार असल्यास कारण लेखी कळवावे.
>
> सोबत: व्यवहाराचा स्क्रीनशॉट, बँक स्टेटमेंटची ती ओळ, पेआउटच्या तपशिलाचा स्क्रीनशॉट.

यात ‘चोर’ नाही आणि ‘कृपया साहेब’ही नाही. काय झालं, कशावरून म्हणतो आणि काय हवं, एवढंच आहे. ‘नकार असल्यास कारण’ ही ओळ मुद्दाम घातली. कारण मिळालं, तर पुढच्या वेळी नेमकं त्यालाच उत्तर देता येतं.

३८६ रुपयांची गोष्ट अवघड

ग्राहकाने ‘ऑर्डर मिळाली नाही’ असं कळवलं होतं. रायडरचं म्हणणं, ‘त्यांनीच गेटवर ठेवायला सांगितलं.’ त्याने फोटो काढला होता, पण त्यात फक्त पिशवी आणि फरशी दिसते. जागा कोणती, हे कळत नाही. पहिली तक्रार याच कारणाने फेटाळली गेली.

खरा पुरावा दुसरीकडे होता. ॲपमधल्या चॅटमध्ये ग्राहकाचा ‘गेटवर वॉचमनकडे द्या’ हा मेसेज होता आणि त्यानंतर चार मिनिटांनी फोटो काढला होता. हा क्रम मांडून दुसरं तिकीट टाकलं. मूळ फोटोही गॅलरीतून थेट जोडला, कारण व्हॉट्सॲपवरून साधा फोटो पाठवला की त्यातली तारीख, वेळ आणि जागेची माहिती निघून जाते.

दोन कपातींची दोन तिकिटं वेगळी ठेवली. एकत्र टाकली असती, तर सोपी तक्रार अवघड तक्रारीसोबत अडकली असती.

सावध कुठे राहायचं?

सपोर्ट फक्त ॲपमधूनच गाठा. गुगलवर सापडलेल्या ‘कस्टमर केअर’ नंबरवर नाही. पैसे परत देण्यासाठी कोणालाही ओटीपी, यूपीआय पिन किंवा स्क्रीन शेअरिंग लागत नाही. पेआउटचे स्क्रीनशॉट दर आठवड्याला काढून ठेवा. ते कापू नका, वरची वेळ आणि तारीख दिसू द्या.

निकाल आणि उरलेला प्रश्न

७४२ रुपये पुढच्या पेआउटमध्ये आले. ३८६ रुपयांच्या तिकिटावर आम्ही हे लिहीपर्यंत ‘तपासणी सुरू’ एवढंच दिसत होतं. नीट लिहिलेली तक्रार पैसे मिळवून देईलच असं नाही. पण तिला ठरावीक उत्तर देऊन तिकीट बंद करणं कठीण होतं, आणि उद्या युनियनकडे किंवा कामगार खात्याकडे जायचं झालं, तर कागद तयार असतो.

तरीही एक गोष्ट खटकते. कोणत्या ऑर्डरसाठी किती आणि का कापले, हे कंपनीला कापतानाच माहीत असतं. ते तिथेच लिहून रायडरला दाखवायला काहीच अडचण नाही. कर्नाटकने २०२५ मध्ये गिग कामगारांसाठी केलेल्या कायद्यात कपातीचं कारण कामगाराला कळवण्याची अपेक्षा आहे. महाराष्ट्रातल्या रायडरलाही तेवढं मिळायला हवं. दिवसभर गाडी चालवून आल्यावर रात्री स्टेटमेंट उघडून आपलाच पैसा आपलाच असल्याचं सिद्ध करणं, हे त्याचं काम नाही.