रिकामी जागा, पण कुणासाठी?

प्रोजेक्टसाठी पर्सेप्चुअल मॅप काढताय? मग नॅनो आठवा. आडव्या अक्षावर किंमत, उभ्या अक्षावर कुटुंबाची सोय घेतली, तर २००८ मध्ये स्कूटर आणि मारुती ८०० यांच्या मधली जागा रिकामी दिसायची. टाटांनी लाखाची नॅनो नेमकी तिथेच आणली. पण कार घेणारा माणूस चारचौघांतली पतही बघतो. हा अक्ष नकाशावर नव्हताच. 'सर्वांत स्वस्त' हा शिक्काच नडला, हे पुढे रतन टाटांनीही मान्य केलं. २०१८ मध्ये उत्पादन थांबलं. म्हणून अक्ष स्वतःच्या मनाने ठरवू नका. गिऱ्हाईक कशावरून निवड करतं, ते आधी त्यालाच विचारा. आणि रिकामी जागा सापडलीच, तर तिथे यायला कुणी तयार आहे का, तेही बघा.