शालू हिरवा नव्हताच!

आमच्या हदगावच्या घरात आजेसासूबाईंच्या लग्नाचा एकच फोटो आहे, कृष्णधवल. पुतण्याने तो स्कॅन करून स्वच्छ केला, रंगवलासुद्धा. शालू हिरवागार! आम्ही सगळ्या खूश. आत्येसासूबाई मात्र म्हणाल्या, "अगं, आईचा शालू जांभळा होता. अजून ट्रंकेत आहे की!" खरंच आहे. कृष्णधवल फोटोत रंग उरतच नाही, संगणक तो अंदाजाने भरतो.

दुसरी चूक त्याहून मोठी. कोपऱ्यातला 'डाग' त्याने पुसला होता. कागदी फोटो भिंगाखाली धरला, तर तो फोटोवाल्याचा उर्दू शिक्का निघाला. आपला भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता ना! फोटो कुणी काढला, याचा तेवढाच पुरावा.

आता आमच्याकडे फोटो पुढून-मागून ६०० डीपीआयने स्कॅन होतो आणि टिफमध्ये ठेवला जातो, कारण जेपीजी बदलून सेव्ह केली की दर वेळी थोडी झिजते. lagna_mool.tif या फाइलला 'रीड ओन्ली' करून हात लावायचा नाही. बदल करायचे ते प्रतीवर, आणि नावातच तसं सांगायचं: lagna_rangavlela.jpg.

पण व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या फोटोचं नाव बदलतं. म्हणून रंगीत फोटोखाली पांढरी पट्टी जोडून त्यातच लिहिलंय, "रंग अंदाजाने भरलेले, शिक्का पुसलेला."

भिंतीवर हिरवा शालू खुशाल लावा. ट्रंकेतला जांभळा कुणाचा, हे मात्र नातीला कळायला हवं.