विश्लेषण : मायक्रोसॉफ्टची ‘निंजा मांजर’ का हरवली? इमोजींना ‘शिफारस’ कोण देते?

मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये विंडोज १० च्या ‘ॲनिव्हर्सरी अपडेट’मध्ये सहा मांजरी आणल्या. निंजा, अंतराळवीर, हॅकर वगैरे. विंडोजवर त्या झकास दिसत. तोच संदेश आयफोनवर गेला की मात्र एक मांजर आणि शेजारी माणसाची सावली, अशी दोन सुटी चित्रे उमटत.

असे का होत होते?

निंजा मांजर हे एक अक्षर नाही. मांजर आणि सावली या दोन इमोजींमध्ये ‘झिरो विड्थ जॉइनर’ हे अदृश्य चिन्ह घालून ती बनते.

```
U+1F431 U+200D U+1F464
```

मधले 200D मराठी टंकलेखनालाही परके नाही. ‘दऱ्या’मधला अर्धा र लिहिण्याच्या एका पद्धतीत तेच वापरले जाते. फॉन्टमध्ये या जोडणीसाठी चित्र असेल तर एक चित्र दिसते, नसेल तर तुकडे दिसतात. जोडणी कुणीही करू शकतो. युनिकोडचे नियम त्याला आडकाठी करत नाहीत. त्यामुळे मायक्रोसॉफ्टने नियम मोडला, असे म्हणता येत नाही.

मग ‘आरजीआय’ म्हणजे काय?

‘रेकमेंडेड फॉर जनरल इंटरचेंज’, म्हणजे सर्वसाधारण देवाणघेवाणीसाठी शिफारस केलेला इमोजी. कंपन्यांनी कोणत्या जोडण्या सर्वत्र दाखवाव्यात, याची ही यादी युनिकोड कन्सोर्टियम प्रसिद्ध करते. काळी मांजर हे त्याचे उत्तम उदाहरण. मांजर, जॉइनर आणि काळा चौकोन अशी तिची रचना निंजासारखीच आहे, पण २०२० च्या इमोजी १३.० मध्ये ती यादीत आली आणि हळूहळू बहुतेक फोनवर पोहोचली. निंजा यादीत कधीच नव्हती. २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती काढून टाकली, तेव्हा विंडोजवरच्या जुन्या संदेशांतही मांजर आणि सावली वेगळी झाली.

झेंड्यांचे काय?

तिथे गुंता अधिक आहे. देशांतर्गत प्रदेशांपैकी केवळ इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्सचे झेंडे शिफारशीत आहेत. अमेरिकेतील टेक्सासच्या झेंड्याची संकेतमाला वैध आहे, पण शिफारशीत नाही. व्हॉट्सॲपने तो झेंडा दाखवला, तरी इतरत्र बहुधा नुसता काळा झेंडाच दिसतो. ‘वैध’ आणि ‘शिफारस केलेला’ यांतला फरक इथे नेमका कळतो. महाराष्ट्राच्या IN-MH या संकेतापासूनही अशी वैध माला बनवता येते, मात्र तिच्यासाठी काढायचे चित्र कोणते, हा प्रश्न उरतोच.

शिफारस म्हणजे सक्ती?

नाही. भारताचा तिरंगा शिफारशीत आहे, तरी विंडोजचा स्वतःचा इमोजी फॉन्ट त्याजागी IN ही दोन अक्षरे दाखवतो. एखादी जोडणी यादीत आहे का, हे युनिकोडच्या emoji-zwj-sequences.txt या खुल्या फाइलमध्ये कुणालाही शोधता येते. निंजा मांजर तिथे सापडणार नाही.