पातेल्यातला अर्धा चमचा

तपासणीत साखर काठावर आली की रुग्णाला सर्वात आधी सल्ला मिळतो तो चहातली साखर बंद करण्याचा. डोंबिवलीहून रोज फास्ट लोकलने मुंबई गाठणारा पंचेचाळिशीचा माणूस हा सल्ला मनापासून पाळायला जातो. चार दिवस तो बिनसाखरेचा कडू घोट गिळतो, पाचव्या दिवशी चिडचिड करतो आणि आठवड्याभरात त्याच्या कपात पुन्हा दोन चमचे साखर पडते. दोष इच्छाशक्तीला दिला जातो. खरे तर साखर काढली, पण चहा तोच राहिला, ही इथली मुख्य अडचण असते.

आधी हिशेब पाहू. समजा, या गृहस्थांचा दिवसाला सहा कप चहा होतो. सकाळी घरी दोन, स्टेशनबाहेर एक कटिंग, कार्यालयात मशीनचे दोन आणि रात्री घरी परतल्यावर एक. चहाच्या छोट्या चमच्यात सपाट भरली तर सुमारे पाच ग्रॅम आणि शिगोशीग भरली तर सहा ग्रॅम किंवा त्याहून थोडी जास्त साखर मावते. घरच्या कपात असे दोन शिगेचे चमचे, म्हणजे तीन कपांत छत्तीस ग्रॅम. बाहेरच्या कपात प्रत्येकी आठ ग्रॅम धरली तर आणखी चोवीस. एकूण साठ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये वरून घातलेल्या साखरेची मर्यादा दिवसाला सुमारे पन्नास ग्रॅम सांगितली आणि ती पंचवीसवर आणता आली तर अधिक चांगले, असेही म्हटले. इथे बिस्किटे, जॅम, मिठाई मोजायच्या आधीच साठ झाले.

साखर कमी करण्याची सुरुवात घरच्या पातेल्यापासून व्हावी, कारण तेवढेच माप आपल्या हातात असते. आपल्याकडे साखर कपात नव्हे, पातेल्यात उकळताना पडते. तिघांच्या चहाला सहा शिगेचे चमचे पडत असतील, तर पहिल्या आठवड्यात त्यातले तीन चमचे सपाट करावेत आणि दुसऱ्या आठवड्यात सहाही. त्यानंतर दर दहा दिवसांनी पातेल्यातून अर्धा चमचा कमी. गोडीत दहा टक्क्यांच्या आसपासचा फरक जिभेला सहसा जाणवत नाही आणि सहातला अर्धा चमचा त्याहूनही कमी भरतो. साडेतीनवर आल्यावर मात्र तोच अर्धा चमचा मोठा ठरतो, म्हणून तिथून पाव-पाव चमच्याने उतरावे. साधारण तीन महिन्यांत पातेले तीन सपाट चमच्यांवर येते, म्हणजे कपाला एक. मोजण्यासाठी कायम एकच चमचा वापरावा. अंदाजाने टाकणारा हात पंधरा दिवसांत जुन्या मापावर परततो आणि महिनाअखेरीला साखरेचा डबा पूर्वीइतकाच रिकामा दिसतो. चमच्यापेक्षा डब्यावरच अधिक विश्वास ठेवावा.

हळूहळू कमी केल्याने जिभेचेच काही विशेष साधते असे नाही. लंडनमधल्या पुरुषांवरचा एक छोटा अभ्यास २०१९ साली जाहीर झाला. त्यात साखर एकदम सोडणारे आणि टप्प्याटप्प्याने उतरणारे, अशा दोन्ही गटांना महिन्याअखेरीस चहा आधीइतकाच आवडत होता. एकट्याने स्वतःचा कप करून पिणाऱ्याला एकदम सोडणे जमत असेल तर त्याने खुशाल सोडावी. आपल्या घरात मात्र सासूबाई, मुले आणि आलेला पाहुणा एकाच पातेल्यातला चहा पितात. तिथे अर्धा चमचा कुणाच्या लक्षात येत नाही आणि चहा करणाऱ्या बाईला रोजची कुरकुर ऐकावी लागत नाही.

आता पुन्हा कडूपणाकडे. साखर चहाचा तुरटपणा झाकते. ती कमी झाली की तो उघडा पडतो आणि माणसाला वाटते की आपल्याला गोडच हवे. आपली बारीक, दाणेदार पूड रंग आणि कडूपणा भराभर सोडते. पूड टाकून पाच-सात मिनिटे खळखळ उकळलेला चहा साखरेशिवाय पिणे कठीणच. म्हणून साखरेबरोबर पूडही थोडी कमी करावी आणि ती शेवटी टाकून दोन मिनिटांत गाळावी. आले, वेलची किंवा गवती चहा आधी पाण्यात उकळून घ्यावा. दूध कमी करू नये, कारण दुधातली प्रथिने तुरटपणा धरून ठेवतात. गुळाचा चहा हा उपाय नव्हे. गूळ आणि मध यांचा हिशेब साखरेतच होतो.

टपरीवर हे चालत नाही. तिथे साखर पातेल्यात आधीच उकळलेली असते आणि एकट्यासाठी वेगळा चहा कुणी करून देत नाही. तिथे माप नव्हे, संख्या कमी करावी. सकाळची मित्रांबरोबरची कटिंग ठेवावी, ती केवळ चहासाठी नसतेच. कार्यालयातल्या मशीनच्या पुडीत बहुधा साखर मिसळलेली असते, त्यामुळे ते दोन कप बिनसाखरेच्या डिप चहावर न्यावेत. आता घरचे तीन कप पंधरा ग्रॅम आणि कटिंग आठ, एकूण तेवीस. चहा अजूनही सहा कपच आहे.

घसरण होते ती संध्याकाळी. दुपारी एकला डबा खाल्लेला माणूस साडेसातला ठाणे किंवा कल्याण स्टेशनबाहेर येतो आणि समोर मिठाईचे दुकान, बेकरी किंवा जिलेबीची कढई असते. ती गोडाची ओढ पुष्कळदा साधी भूक असते. पाच वाजता मूठभर भाजलेले चणे, शेंगदाणे किंवा एखादे फळ पोटात गेले असेल तर तेच दुकान सहज ओलांडता येते. पहाटेच्या गाडीसाठी झोप तोडणाऱ्यांना ही ओढ अधिक जाणवते. चहातून काढलेली साखर बिस्किटांतून परतते आहे का, हेही पाहावे. ग्लुकोज बिस्किटाच्या वजनाचा सुमारे चौथा हिस्सा साखरच असतो.

फिलाडेल्फियातील मोनेल केंद्राच्या संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तीन महिने साखर कमी खाणाऱ्यांना तेच पुडिंग पूर्वीपेक्षा अधिक गोड लागू लागले. पहिल्या महिन्यात मात्र फरक पडला नव्हता. म्हणूनच चार आठवड्यांत कंटाळून सोडू नये. मोकळीक मिळाल्यावर त्यांची साखर पुन्हा वाढली आणि जीभही मूळ जागी गेली. गणपतीत मोदक खावेत, दिवाळीत करंजी खावी. पण सणाच्या दिवसांतही पातेल्याचे माप बदलू नये. रोजची सवय तिथे ठरते, मोदकात नव्हे.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांनी मात्र हे डॉक्टरांना सांगूनच सुरू करावे. आहारातली साखर उतरली की औषधाचा पूर्वीचा डोस जास्त होऊ शकतो. गाडीच्या गर्दीत घाम, थरथर, धडधड किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच तीन चमचे साखर तोंडात टाकावी. तेवढी पुडी अशा माणसाच्या खिशात कायम असावी.