एक पगार, वसुबारसेच्या आधी

दिवाळी आठ दिवसांवर आली की शहरातल्या सोसायट्यांमध्ये एक प्रश्न हळू आवाजात फिरू लागतो: ‘तुम्ही बाईंना किती देता?’ समोरचा जो आकडा सांगेल, त्याच्या आसपास आपला बसवला जातो. वर्षभराच्या कामाचा मोबदला असा जिन्यात उभ्या उभ्या ठरावा, हे बरे नाही. त्याला हिशेब आहे आणि तो अवघडही नाही.

बोनसची कल्पना मुंबईला नवी नाही. पहिल्या महायुद्धात महागाई भडकली तेव्हा, १९१७ मध्ये, इथल्या कापड गिरण्यांनी कामगारांना युद्ध-बोनस दिला. पुढे अनेक वर्षे भांडण चालले ते याच मुद्द्यावर, की ही मालकाची मेहेरबानी की कामगाराचा वाटा. १९६५ च्या बोनस कायद्यात पुढे दुरुस्ती होऊन किमान ८.३३ टक्के हा दर बांधला गेला आणि वेतन संहितेतही तो टिकून राहिला. ८.३३ टक्के म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा भाग, अर्थात एक महिन्याचा पगार. घर हे कायद्याच्या भाषेत आस्थापना नसल्यामुळे घरकामाला हा कायदा लागू होत नाही. २००८ चा महाराष्ट्राचा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदाही घरमालकावर बोनसचे बंधन घालत नाही. तरीही घरकामगारांच्या संघटना मागतात तो एक पगारच, आणि अनेक घरांनी तो रिवाज म्हणून केव्हाच स्वीकारला आहे. तोच आकडा धरून चालावे.

समजा, एक बाई चार घरी काम करतात. एका घरी स्वयंपाकाचे ४,०००, दुसरीकडे धुणेभांड्याचे ३,०००, उरलेल्या दोन घरी प्रत्येकी २,५००. महिन्याची मिळकत १२,००० रुपये. दिवाळीत पहिल्या घराने पूर्ण पगार दिला. दुसऱ्याने १,५०० रुपये आणि मिठाईचा पुडा. तिसऱ्याने साडी दिली आणि तोच बोनस समजला. चौथे कुटुंब सुट्टीला गावी गेले, परतल्यावर ५०० रुपये हातावर ठेवले. चारही घरांना आपण दिवाळी दिली असे मनापासून वाटते. बाईंच्या हातात मात्र ६,००० रुपये आले, म्हणजे अर्धा पगार. आणि त्यातले ५०० तर भाऊबीज उलटल्यावर. मुलांचे कपडे, तेल, बेसन, घरभाडे यांतले काहीच साडीतून भागत नाही.

म्हणून रोख रक्कम आधी, भेट त्यानंतर आणि वेगळी. काम धरून वर्ष झाले नसेल तर जितके महिने तितका बारावा भाग द्यावा. २,५०० पगार आणि आठ महिने काम असेल तर १,६६७ रुपये होतात. ते १,७०० करावेत, १,५०० नव्हे. मध्ये पगार वाढवला असेल तर वाढलेल्या पगारावर हिशेब धरावा. आजारपणाचे किंवा गावी गेल्याचे खाडे यातून कापू नयेत. घेतलेली उचल तर मुळीच नाही. ती ठरल्याप्रमाणे महिन्याच्या पगारातून फिटते आहे, दिवाळीच्या पाकिटाला तिने हात लावायचे कारण नाही. पूर्ण वेळाच्या ड्रायव्हरलाही हाच नियम. लक्ष्मीपूजनाला त्याला नातेवाइकांकडे गाडी काढायला लावली, तर त्या दिवसाचे पैसे निराळे द्यावेत आणि भाऊबीजेची सुट्टी आधीच सांगून ठेवावी.

पैसे कधी द्यायचे, यालाही रकमेइतकेच महत्त्व आहे. धनत्रयोदशीला संध्याकाळी दिलेल्या पैशांतून खरेदी उरकते ती गर्दीत आणि चढ्या भावात. शिंपी तर त्याच्या कितीतरी आधी कापड घेणे बंद करतात. वसुबारसेच्या आधी दहा-बारा दिवस पैसे हातात पडले, तर त्यांचा खरा उपयोग होतो. आणि ते पडावेत बाईंच्याच हातात. मोबाइलवरून पैसे पाठवणे सोपे झाले आहे, पण पुष्कळदा तो नंबर नवऱ्याचा किंवा मुलाचा असतो. खाते कोणाचे आहे, हे एकदा विचारून घ्यावे. तिचे नसेल तर सरळ रोख पाकीट द्यावे.

भेटवस्तूंचे म्हणाल, तर बहुतेक घरांतून स्टीलचे डबे आणि काचेचे पेले जातात, कारण ते आपल्याकडे जास्तीचे असतात. दुसऱ्याकडून आलेला, मुदत संपत आलेला सुक्या मेव्याचा खोका पुढे सरकवणे तर सर्रास चालते. घेणाऱ्याला ते लगेच कळते. त्यापेक्षा फराळाचा कोरडा शिधा चांगला. राज्य सरकारने २०२२ च्या दिवाळीत शंभर रुपयांत रवा, चणाडाळ आणि साखर प्रत्येकी एक किलो आणि एक लिटर पामतेल दिले होते. त्याच यादीत मैदा, पोहे आणि चांगले तेल घातले की एका घराचा फराळ होतो, तोही त्यांच्या चवीचा. साडी द्यायचीच तर सहावारी की नऊवारी, रोजच्या नेसणीची की ठेवणीची, हे विचारावे आणि ब्लाउजच्या शिलाईचे पैसे सोबत द्यावेत.

सोसायटीच्या वॉचमनचे गणित मात्र निराळे आहे आणि फसवणूकही तिथेच जास्त होते. एजन्सीच्या मासिक बिलात मूळ वेतन, भविष्यनिर्वाह निधी, ईएसआयसी यांच्या खाली बोनसची ओळ बहुधा असतेच. म्हणजे सोसायटी दर महिन्याला बोनस भरते आहे. तो वॉचमनपर्यंत पोचतो का, हे फार थोड्या कमिट्या विचारतात. वीस किंवा अधिक माणसे असलेल्या एजन्सीला कायदा लागू आहे आणि वर्षात तीस दिवस काम केलेला माणूसही बोनसला पात्र ठरतो. हिशेबाचे वर्ष मार्चअखेर संपत असेल, तर आठ महिन्यांत, म्हणजे नोव्हेंबरअखेरपर्यंत पैसे द्यावे लागतात. सेक्रेटरींनी ऑक्टोबरच्या बिलाआधी एजन्सीकडे बोनसच्या नोंदवहीची प्रत मागावी आणि त्यातली नावे आपल्या गेटवरच्या हजेरीशी ताडून पाहावीत. दिवाळीच्या तोंडावर जुना वॉचमन अचानक बदलला गेला, तर त्याचा बोनस कुठे गेला, हा पहिला प्रश्न असावा.

रहिवाशांची पोस्त याहून वेगळी. ती घरोघरी मागायला लावली की सकाळपाळीचा ओळखीचा चेहरा भरपूर कमावतो. रात्रपाळीचा माणूस आणि कचरा उचलणारी बाई मागे राहतात. त्यावर एकत्र वर्गणीचा उपाय आहे. चाळीस घरांनी ७०० रुपये दिले तर २८,००० जमतात. चार वॉचमन, तीन सफाईवाले आणि अर्धा दिवस येणारा एक माळी, अशी आठ माणसे धरू. वॉचमनपैकी एक जण नुकताच चार महिन्यांपूर्वी आलेला. त्याला आणि माळ्याला अर्धा वाटा दिला की सात वाटे होतात: सहा जणांना ४,००० आणि दोघांना २,००० रुपये. पगाराच्या तारखेलाच, सर्वांसमोर सही घेऊन वाटप करावे आणि यादी नोटीस बोर्डावर लावावी, म्हणजे कोणाला किती मिळाले यावरून माणसांत कुरबुर होत नाही.

राहता राहिला दिवाळीआधी काम सोडून गेलेल्यांचा प्रश्न. मागच्या दिवाळीपासून दहा महिने राबून बाई ऑगस्टमध्ये गावी परतली असेल, तर तिचा दहा महिन्यांचा हिस्सा बाकी आहे. ३,००० पगारावर तो २,५०० रुपये होतो. नव्या बाईंना त्यांच्या दोन महिन्यांचे ५०० द्यावेतच, आणि जुन्या बाईंचा नंबर फोनमध्ये अजून असतो, त्यावर विचारून त्यांचे पैसेही पाठवावेत.