दारू उतरवली, पण पुढचे तीन महिने कोणाचे?

आजचा लेख थोडा रागात लिहितोय. राग पेशंटवर नाही, आमच्याच धंदेवाल्यांवर आहे, आणि त्यात मीही आलो.

गेल्या वर्षी यंत्रमागावर काम करणारे एक गृहस्थ माझ्याकडे आले. वय ४२, वजन ५४ किलो, रोज तीन क्वार्टर देशी. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) दोन वर्षांत तीनदा वेगवेगळ्या ठिकाणी ॲडमिट झाले होते. प्रत्येक वेळी हातापायाचा थरकाप थांबवला, सलाईन लावलं, पाच-सहा दिवसांनी घरी पाठवलं. डिस्चार्जच्या तिन्ही कागदांवर बी-कॉम्प्लेक्स, लिव्हरचं सिरप, ॲसिडिटीची गोळी आणि खाली एक ओळ: "दारू पूर्ण बंद."

हा काय सल्ला झाला? डायबेटिसच्या पेशंटला "साखर पूर्ण नॉर्मल ठेवा" एवढंच लिहून पाठवलं तर आपल्याला कोणी डॉक्टर म्हणेल का?

दारू शरीरातून उतरवणं आठवड्याचं काम आहे. पुन्हा प्यायला लागण्याचा धोका सगळ्यात जास्त असतो तो त्यानंतरच्या तीन महिन्यांत, आणि नेमक्या त्या काळात पेशंटच्या हातात औषध नसतं. औषधं आहेत. नाल्ट्रेक्सोनला अमेरिकेत दारूसाठी १९९४ साली मान्यता मिळाली, अ‍ॅकॅम्प्रोसेटला २००४ साली, आणि युरोपात तर ते त्याच्याही आधीपासून वापरात आहे. दोन्ही आपल्याकडे मिळतात. तरी फिजिशियनच्या चिठ्ठीवर ती क्वचितच दिसतात, कारण "ते सायकियाट्रिस्टचं काम." सायकियाट्रिस्टकडे जायला पेशंट तयार नसतो, आणि आपण हात झटकून मोकळे.

औषध मिळत नाही तेव्हा घरचे स्वतःचा मार्ग काढतात. या गृहस्थांच्या पत्नीने कोणाच्या तरी सांगण्यावरून डायसल्फिरामची गोळी कुटून आमटीत घालायला सुरुवात केली होती. नवऱ्याला पत्ता नाही. पगाराच्या दिवशी ते प्यायले. चेहरा लालबुंद, उलट्या, छातीत धडधड, बीपी खाली, आणि रात्र आयसीयूत. त्या माउलीला मी दोष देत नाही. पण न सांगता डायसल्फिराम देणं हे औषध देणं नाही, सापळा लावणं आहे. हे औषध चालतं ते "प्यायलो तर त्रास होईल" या जाणिवेवर. ती जाणीवच नसेल तर उरतो फक्त त्रास. आणि पेशंटला कळलं की घरच्या जेवणावरचाही त्याचा विश्वास उडतो.

आता कोणी मला मुंबईचे अभ्यास दाखवेल. ते मला मान्य आहेत. डॉ. अविनाश डिसूझा आणि डॉ. ॲलन डिसूझा यांनी २००४ साली १०० पुरुषांमध्ये डायसल्फिराम आणि नाल्ट्रेक्सोनची वर्षभर तुलना केली. डायसल्फिरामवरचे ८६ टक्के लोक दारूपासून दूर राहिले, नाल्ट्रेक्सोनवरचे ४४ टक्के. पुढच्या वर्षी अ‍ॅकॅम्प्रोसेटशी केलेल्या तुलनेतही डायसल्फिरामच पुढे होतं. पण ते कोणाला दिलं होतं? ज्यांना कोणती गोळी मिळतेय हे माहीत होतं आणि ज्यांच्या घरचा माणूस गोळी समोर बसून देत होता, त्यांना. लपवून नाही. हृदय धडधाकट, लिव्हर बरं, पेशंटची संमती आणि घरात खंबीर माणूस असेल तर मीही डायसल्फिराम देतो. मात्र त्या अभ्यासातला धडा मला वेगळा दिसतो: घरचा माणूस औषधात सहभागी असेल तर औषध पोटात जातं. हा फायदा बाकीच्या दोन गोळ्यांनाही देता येतो.

त्या दोन गोळ्यांत निवड कशी करायची? माझ्या लेखी चार गोष्टी पाहिल्या की बहुतेक वेळा उत्तर मिळतं: लिव्हर, किडनी, वेदनाशामक गोळ्या आणि पेशंटला नक्की काय हवंय.

नाल्ट्रेक्सोन प्यायल्यावर मिळणारी मजा कमी करतं. दारूमुळे मेंदूत जे अफूसारखे पदार्थ सुटतात, त्यांची जागा ते अडवून ठेवतं. म्हणून पहिला पेग घेतला तरी "आणखी एक" ही ओढ मंदावते. अ‍ॅकॅम्प्रोसेट वेगळ्या बाजूने काम करतं. दारू सुटल्यावर कित्येक आठवडे राहणारी मेंदूची अस्वस्थता, झोप न लागणं, चिडचिड ते कमी करतं. त्यामुळे ज्याने आधीच पूर्ण बंद केली आहे आणि बंदच ठेवायची आहे त्याला अ‍ॅकॅम्प्रोसेट जास्त शोभतं. जो अधूनमधून घसरतो आणि घसरला की बाटली संपवतो, त्याला नाल्ट्रेक्सोन. २०२३ साली सगळ्या अभ्यासांची एकत्र मोजणी झाली. तिच्यात साधारण ११ जणांना अ‍ॅकॅम्प्रोसेट दिल्यावर एक जण जास्तीचा पूर्ण कोरडा राहतो असं दिसलं, आणि साधारण ११ जणांना नाल्ट्रेक्सोन दिल्यावर एक जण बेसुमार पिण्यापासून जास्तीचा वाचतो. म्हणजे चमत्कार कोणतंच नाही. पण आपण रोज लिहितो त्या कित्येक गोळ्यांचा हिशोब याहून वाईट आहे.

या गृहस्थांचे रिपोर्ट असे होते: एसजीओटी १४२, एसजीपीटी ६१, जीजीटी ३८०, बिलिरुबिन १.२, क्रिएटिनिन ०.९. आधीच्या एका डॉक्टरांनी "लिव्हर खराब आहे, नाल्ट्रेक्सोन देता येणार नाही" असं सांगितलेलं. हा गैरसमज फार पसरलाय. एसजीओटी हे एसजीपीटीच्या दुपटीहून जास्त, हा दारूनेच केलेला प्रकार आहे. कावीळ नाही, पोटात पाणी नाही, एसजीपीटी दुप्पटही नाही. अशा लिव्हरला नाल्ट्रेक्सोनपेक्षा दारूचा धोका कितीतरी मोठा. नाल्ट्रेक्सोनवर लिव्हरबद्दलचा जो ठळक चौकटीतला इशारा होता, तो अमेरिकेने २०१३ साली काढूनही टाकला. हिपॅटायटिसचा ताजा झटका, कावीळ, जलोदर किंवा एन्झाईम तीन ते पाच पटींच्या वर असतील तर मात्र मी ते देत नाही.

तरीही पहिल्या दिवशी मी नाल्ट्रेक्सोन लिहिलं नाही. कारण लिव्हर नव्हतं. मी पत्नीला म्हटलं, "ताई, घरात असतील त्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा." पिशवीत कंबरदुखीची पाकिटं निघाली, ट्रॅमाडॉल आणि पॅरासिटामॉलची जोडगोळी. मागावर दहा-बारा तास उभं राहणारा माणूस, रोज दोन घेत होता. ट्रॅमाडॉल अफूच्या कुळातलं. त्यावर नाल्ट्रेक्सोन दिलं असतं तर जुलाब, घाम, अंगदुखी आणि तडफड सुरू झाली असती आणि "डॉक्टरच्या गोळीने मरायला टेकलो" म्हणून ते पुन्हा आले नसते. अशा गोळ्या बंद होऊन किमान ७ ते १० दिवस जावे लागतात. कोडीनचं खोकल्याचं औषधही याच यादीत येतं.

म्हणून सुरुवात अ‍ॅकॅम्प्रोसेटने. नेहमीचा डोस ३३३ मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या तीन वेळा. वजन ६० किलोखाली असेल तर युरोपातल्या पद्धतीप्रमाणे दिवसाला चारच: सकाळी दोन, दुपारी एक, रात्री एक. कंबरेसाठी ट्रॅमाडॉल बंद करून मोजकं पॅरासिटामॉल आणि शेक. पहिला आठवडा पोट थोडं सैल झालं, मग ठीक. तीन आठवड्यांनी जीजीटी १९० वर आलं, झोप सुधारली.

पण मी रिकामी पाकिटं मोजतो. दुपारच्या गोळ्या जवळजवळ सगळ्या शिल्लक. "साहेब, मागावर कोण लक्षात ठेवणार?" सातव्या आठवड्यात पगार झाला आणि घसरले. जीजीटी ३१०. इथे आपले लोक म्हणतात, "बघा, औषध फेल." फेल औषध नव्हतं, दिवसातून तीनदा घ्यायचं वेळापत्रक या माणसाला झेपणारं नव्हतं. तोपर्यंत ट्रॅमाडॉल बंद होऊन सहा आठवडे झाले होते. म्हणून नाल्ट्रेक्सोन: चार दिवस अर्धी गोळी, मग ५० मिलिग्रॅमची एक, सकाळी भाकरी खाल्ल्यावर, पत्नीच्या हातून आणि या वेळी दोघांच्या संमतीने. उपाशीपोटी घेतली की मळमळते आणि पहिल्याच आठवड्यात पेशंट सोडून देतो, म्हणून जेवणाचा आग्रह.

महिन्याने तपासणी: एसजीओटी ४०, एसजीपीटी ५२, जीजीटी १२०. हे वाचायचं कसं? जीजीटी उतरतंय म्हणजे पिणं खरंच कमी आहे. जीजीटी आणि एसजीओटी दोन्ही चढले तर आधी पिण्याबद्दल विचारा, गोळीवर खापर फोडू नका. जीजीटी उतरत असताना एसजीपीटी एकटं चढत गेलं तर मात्र गोळीचा किंवा हिपॅटायटिसचा संशय घ्या. तपासणी सुरुवातीला, एका महिन्याने, तीन महिन्यांनी आणि मग सहा महिन्यांनी. लघवी गडद झाली, डोळे पिवळे झाले तर तारखेची वाट न बघता गोळी बंद करून या.

आणखी एक. नाल्ट्रेक्सोन चालू असलेल्याच्या खिशात तशी चिठ्ठी हवी. अपघात झाला तर अफूच्या कुळातली वेदनाशामकं नेहमीसारखी लागू पडणार नाहीत, आणि ठरलेल्या ऑपरेशनआधी ती तीन दिवस बंद करावी लागते.

अ‍ॅकॅम्प्रोसेटचा धोका किडनीत आहे, कारण ते लिव्हरमध्ये न मोडता लघवीवाटे तसंच बाहेर पडतं. एक ५८ वर्षांचे गृहस्थ, वजन ४६ किलो, क्रिएटिनिन १.४. लॅबच्या कागदावर जेमतेम एका टोकाला, म्हणून कोणी लक्ष दिलं नाही. हिशोब करा: १४० वजा ५८ म्हणजे ८२, गुणिले ४६, भागिले ७२ गुणिले १.४. उत्तर ३७. ३० ते ५० मध्ये एक-एक गोळी तीन वेळा, ३० च्या खाली अजिबात नाही. त्यांना पूर्ण सहा गोळ्या चालू होत्या. बारीक माणसाचं क्रिएटिनिन फसवं असतं. मन उदास आहे का, जगणं नको वाटतं का, हेही अ‍ॅकॅम्प्रोसेटवाल्याला दर भेटीत विचारा.

"एक व्यसन सोडवून दुसरं लावता का?" हा प्रश्न दर आठवड्याला येतो. दोन्ही गोळ्यांची सवय लागत नाही, बंद केल्यावर थरकाप होत नाही. "मनाचा निग्रह हवा" हेही ऐकतो. हवाच. पुण्याच्या मुक्तांगणमध्ये १९८६ पासून माणसांना उभं करण्याचं काम चाललंय, एए ची मंडळी बसतात, तिथे मी माझे पेशंट आवर्जून पाठवतो. गोळी आणि मीटिंग यांत भांडण लावलंय ते आपण.

कोर्स सहा महिने ते वर्षभर. मधे एखाद्या दिवशी प्यायले तरी दोन्हीपैकी कोणतीही गोळी बंद करायची नाही, दुसऱ्या दिवशी घ्यायची आणि मला फोन करायचा. आमचे मागवाले गड्ड्याच्या जत्रेत एकदा घसरले, दोन पेगांवर थांबले आणि सकाळी स्वतःच फोन केला. अकरावा महिना चालू आहे. परवा जीजीटी ५८ आलं.