‘मान्सूनपूर्वी करण्यात येईल’ : शिष्टमंडळाच्या इतिवृत्तात काय लिहिले जाते आणि काय निसटते

एप्रिल सरत आला की गोव्यातील नगरपालिकांच्या कार्यालयांत शिष्टमंडळांची ये-जा वाढते. मान्सून जूनच्या पहिल्या आठवड्यात दारात येतो आणि गटारे तोवर गाळाने भरलेलीच असतात. प्रभागातील दहा-पंधरा रहिवासी मुख्याधिकाऱ्यांना भेटतात, निवेदन देतात, तासभर चर्चा होते आणि दुसऱ्या दिवशीच्या बातमीचा शेवट ठरलेला असतो : मुख्याधिकाऱ्यांनी मागण्यांची दखल घेऊन कार्यवाहीचे आश्वासन दिले. पुढे जुलैमध्ये घरात पाणी शिरते तेव्हा नेमके कोणते आश्वासन, कोणी आणि कोणत्या तारखेचे दिले होते, हे सांगणारा कागद बहुधा कोणापाशीच नसतो. असलाच तर त्यातील मजकूर असा असतो की तो पाळला की मोडला, हे ठरविताच येत नाही.

आपल्या कचेऱ्यांत वापरल्या जाणाऱ्या मराठीतच या धूसरपणाची सोय आहे. ‘गटारांची साफसफाई करण्यात येईल’ या वाक्यात कर्ता नाही. काम पालिकेचे कामगार करणार, कंत्राटदार करणार की दुसरे एखादे खाते, हे वाक्य पूर्ण झाल्यावरही कळत नाही. ‘संबंधितांना सूचना देण्यात आल्या’ यात सूचना देणाराही नाही आणि घेणाराही नाही. ‘तपासून योग्य ती कार्यवाही’ या शब्दांत तर नकारसुद्धा बसतो, कारण तपासणीनंतर काम अयोग्य ठरविणे हीदेखील कार्यवाहीच आहे. ‘तत्त्वतः मान्य’ आणि ‘निधीच्या उपलब्धतेनुसार’ हे त्याच कुळातील शब्द. बोलताना अधिकाऱ्याने ‘पंधरा दिवसांत करून देतो’ असे म्हटलेले असते. कागदावर येईपर्यंत त्यातील पंधरा दिवस गळतात आणि करणाराही गळतो. अनेकदा निवेदन मराठीत आणि टिपण इंग्रजीत होते, त्या प्रवासात उरलेसुरलेही झिजते. १९८७च्या राजभाषा कायद्यात कोकणीसोबत मराठीच्या शासकीय वापरालाही तरतूद आहे. तेव्हा मराठी निवेदनावरील चर्चेचे इतिवृत्त मराठीत मागण्यात काही गैर नाही.

आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. पालिका मंडळाच्या बैठकीचे इतिवृत्त आणि शिष्टमंडळाच्या भेटीचे इतिवृत्त या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मंडळाच्या बैठकीला गोवा नगरपालिका कायदा, १९६८ चा आधार आहे. तिचे ठराव नोंदले जातात, पुढच्या बैठकीत कायम होतात. शिष्टमंडळाची भेट हा शिरस्त्याचा भाग आहे, कायद्याने घालून दिलेला विधी नाही. तिचे इतिवृत्त लिहिण्याचे बंधन मुख्याधिकाऱ्यांवर नसते आणि लिहिले तरी ते रहिवाशांकडे पाठविलेच जाईल असे नाही. म्हणून जाणती मंडळी ते स्वतःच लिहितात. भेटीनंतर दोन-तीन दिवसांत मुख्याधिकाऱ्यांच्या नावे एक पत्र जाते : अमुक दिवशी आपल्या दालनात झालेल्या चर्चेत पुढील बाबी ठरल्या, नोंदीत काही चूक असल्यास आठ दिवसांत लेखी कळवावे. या पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर आवक विभागाचा शिक्का, तारीख आणि क्रमांक पडला की गप्पांचे रूपांतर नस्तीत होते. अधिकाऱ्याने उत्तर दिले नाही म्हणून ते मान्य झाले असे कायदा मानतोच असे नाही. पण ‘अशी चर्चा झालीच नाही’ हे वाक्य त्यानंतर म्हणणे कठीण जाते.

आता एक उदाहरण घेऊ. ते काल्पनिक आहे, पण कोणत्याही शहरातील वाचकाला ओळखीचे वाटावे. बाजारपेठेलगतचा प्रभाग, दुकानांपुढून जाणारे गटार पुढे व्हाळाला मिळते, मधे रस्त्याखालची जुनी मोरी अरुंद आहे, आणि तेथील पथदीप महिनाभर बंद आहेत. भेट १५ एप्रिलला झाली. सर्वसाधारण इतिवृत्त असे निघेल : प्रभागातील गटारांची साफसफाई मान्सूनपूर्वी करण्यात येईल, मोरीच्या कामाबाबत योग्य ती कार्यवाही करण्यात येईल, पथदीपांबाबत संबंधित खात्यास कळविण्यात येईल. तीन मागण्या, तीन आश्वासने, आणि सगळ्यांची वजने सारखी. वास्तवात ही तीन अगदी वेगळ्या जातीची कामे आहेत.

पथदीपाचे काम लवकर आटोपते. गोव्यात वीज वितरण राज्याच्या वीज खात्याकडे आहे, त्यामुळे मुख्याधिकारी दिवा लावण्याचे वचन देऊच शकत नाहीत. ते देऊ शकतात ते एका पत्राचे. तेव्हा इतिवृत्तात ‘खांबांच्या क्रमांकांसह वीज खात्याच्या स्थानिक कार्यालयास १८ एप्रिलपर्यंत पत्र, प्रत शिष्टमंडळास’ एवढेच लिहावे. १९ तारखेला प्रत हाती आली नाही तर पत्र गेले नाही, हे उघड होते.

गटाराचे काम पालिकेच्या पूर्ण हातातले आहे, आणि फसते तेही तेच. ‘साफसफाई’ या शब्दात काय काय येते हे पाहिले तर कारण कळते. पहिली बाब लांबीची : कोणत्या दुकानापासून कोठवर, आणि व्हाळाचे तोंड त्यात आहे की नाही. काम वरच्या टोकापासून सुरू झाले आणि तोंड तुंबलेलेच राहिले, तर पहिल्या पावसात गाळ मोकळ्या केलेल्या भागात पुन्हा बसतो. म्हणून सुरुवात खालून हवी. दुसरी बाब लाद्यांची. दुकानांपुढील गटारावर काँक्रीटच्या लाद्या किंवा थेट बांधलेला ओटा असतो. लाद्या उचलल्याशिवाय आतला गाळ निघत नाही, आणि उचलायला दुकानदार तयार नसतो. कामगार दोन उघड्या जागांमधून बांबू घालतात, थोडेसे पाणी हलते, आणि कागदावर गटार साफ होते. लाद्या उचलण्याच्या नोटिसा कोण, केव्हा देणार याची ओळ इतिवृत्तात नसेल तर साफसफाईच्या आश्वासनाला फारसा अर्थ उरत नाही. तिसरी बाब उपसलेल्या गाळाची. तो काठावर ढीग करून ‘वाळण्यासाठी’ ठेवला जातो आणि वळवाची एक सर त्याला परत गटारात पोचवते. गाळ किती दिवसांत उचलायचा, हेही त्याच ओळीत लिहिलेले असावे. शिष्टमंडळात एखादा दुकानदार असला तर बरे. लाद्यांचा विषय आपल्याच माणसांवर येतो, हे ठाऊक असल्याने इतर रहिवासी तो टाळतात, आणि अधिकाऱ्यालाही तो टळलेला हवा असतो.

मोरीचे काम तिसऱ्या जातीचे. ती रुंद करायची तर कनिष्ठ अभियंत्याने जागा मोजून अंदाजपत्रक करावे लागते, त्याला तांत्रिक आणि प्रशासकीय मंजुरी लागते, रक्कम मुख्याधिकाऱ्यांच्या मर्यादेबाहेर असली तर विषय मंडळापुढे जातो, मग निविदा आणि शेवटी कार्यादेश. रस्ता सार्वजनिक बांधकाम खात्याचा निघाला तर आणखी एक दार वाढते. आता उलट मोजू. काम २५ मेपर्यंत संपायचे, मोरी फोडून बांधायला आणि काँक्रीट पक्के व्हायला तीन-चार आठवडे धरले, तर कार्यादेश एप्रिलच्या शेवटी हाती हवा. भेट १५ एप्रिलला झाली आणि अंदाजपत्रकच तयार नाही, तर ‘मान्सूनपूर्वी’ हा शब्द खोटा आहे, आणि तो खोटा असल्याचे त्याच दिवशी, त्याच टेबलावर कळू शकते. अशा वेळी यंदासाठी मोरीचे मुख मोकळे करणे आणि पंप ठेवणे एवढेच मागावे. रुंदीकरणासाठी वेगळी तारखांची साखळी घ्यावी : अंदाजपत्रक मेअखेर, मंजुरी पावसाळ्यात, निविदा सप्टेंबरात, काम ऑक्टोबरनंतर. अंतिम तारखेवर विश्वास ठेवण्यापेक्षा साखळीतील पहिल्या तारखेवर लक्ष ठेवणे शहाणपणाचे असते. मेअखेर अंदाजपत्रकाची नस्ती निघालेली नसेल तर पुढील सर्व तारखा आपोआप रद्द समजाव्यात. निवडणुकीची आचारसंहिता लागण्याची शक्यता असेल तर ‘कार्यादेश नसल्याने काम थांबले’ हे उत्तरही आधीच गृहीत धरावे.

मुख्याधिकाऱ्यांची बदली ही या साऱ्यातील नेहमीची खळ आहे. ‘ते माझ्या आधीच्यांनी सांगितले असेल’ हे वाक्य अनेक शिष्टमंडळांनी ऐकलेले आहे. इतिवृत्तात व्यक्तीच्या नावाऐवजी पदनाम आणि नस्तीचा क्रमांक लिहिला तर आश्वासन खुर्चीला चिकटते. त्यासोबत जबाबदार कर्मचाऱ्याचे पदही हवे, कारण मुख्याधिकारी गेले तरी कनिष्ठ अभियंता आणि स्वच्छता निरीक्षक बहुधा तेथेच असतात.

तारीख उलटल्यावर माहिती अधिकार कायदा, २००५ उपयोगी पडतो, पण तो बहुतेक जण चुकीच्या प्रश्नासाठी वापरतात. ‘काम का झाले नाही?’ या प्रश्नाला माहिती अधिकारी ‘नोंद उपलब्ध नाही’ असे सहज लिहू शकतो, कारण त्याने कारणे शोधून द्यायची नसून अभिलेख द्यायचे असतात. म्हणून कागद मागावा : अमुक आवक क्रमांकाच्या पत्रावरील टिपण्यांची प्रत, अंदाजपत्रकाची प्रत, लाद्यांच्या नोटिसांची प्रत, गाळ उपशाच्या मोजमाप वहीची पाने. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. न मिळाल्यास त्याच कार्यालयातील वरिष्ठाकडे पहिले अपील. काम प्रत्यक्ष पाहण्याचा हक्कही याच कायद्यात आहे. मोजमाप वहीत तीनशे मीटर आणि जागेवर लाद्या न उचललेले गटार, ही विसंगती शंभर निवेदनांपेक्षा जास्त बोलते. अर्ज एप्रिलच्या तारखांवर बेतायचा असेल तर मेच्या सुरुवातीलाच करावा; जूनमध्ये केलेल्या अर्जाचे उत्तर भर पावसात येते.

हे आश्वासन न्यायालयात टिकते का? मोतीलाल पदमपत शुगर मिल्स प्रकरणात १९७९ साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारला त्याच्या वचनाने बांधले. पण त्या खटल्यात वचनावर विसंबून उद्योजकाने कारखाना उभारला होता, आणि ज्याला अधिकारच नाही अशा अधिकाऱ्याच्या शब्दाने शासन बांधले जात नाही, ही मर्यादाही कायम आहे. गटारासाठी अधिक जवळचा दाखला रतलामचा. तेथील रहिवाशांनी उघडी गटारे आणि घाणीविरुद्ध फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ खाली दंडाधिकाऱ्यांकडे धाव घेतली, पालिकेने निधी नसल्याचे कारण पुढे केले, आणि १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने ते कारण फेटाळून कामाच्या मुदती घालून दिल्या. तेथे रहिवासी जिंकले ते आश्वासनाच्या नव्हे, तर पालिकेच्या वैधानिक कर्तव्याच्या बळावर. ती तरतूद आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२मध्ये आहे. म्हणून इतिवृत्ताच्या पहिल्याच परिच्छेदात सार्वजनिक गटारांची सफाई हे नगरपालिकेचे बंधनकारक काम असल्याचा उल्लेख करावा आणि तारखा त्याखाली याव्यात. पुढे दंडाधिकाऱ्यांपुढे जाण्याची वेळ आली, तर शिक्क्याचे पत्र, उलटलेल्या तारखा आणि मोजमाप वहीची पाने हीच जोडपत्रे लागतात.